टोलनाक्यावरच्या दोन वेळा आणि मध्यमूल्य प्रमेय

बडोद्याहून एक्स्प्रेसवेने अहमदाबादला जाणाऱ्या गाडीची नोंद दोन ठिकाणी होते असं समजू या: इकडच्या नाक्यावर शिरताना आणि तिकडच्या नाक्यावर बाहेर पडताना. मधल्या 93 किलोमीटरमध्ये गाडी कशी चालली, हे कोणी पाहिलेलं नाही. शिरल्याची वेळ 7:10, बाहेर पडल्याची 8:00. म्हणजे 50 मिनिटांत 93 कि.मी., सरासरी ताशी 111.6 कि.मी. वेगमर्यादा ताशी 100 धरली, तर या दोन वेळांवरूनच छातीठोकपणे सांगता येतं की गाडीने मर्यादा मोडली. एवढंच नाही, वाटेत किमान एका क्षणी स्पीडोमीटरचा काटा बरोबर 111.6 वर होता, हेही सांगता येतं.

पहिली गोष्ट कोणालाही पटते. दुसरी जरा थांबून विचार करायला लावते. “किमान एका क्षणी”, आणि तेही “बरोबर”? हा ठामपणा मध्यमूल्य प्रमेयातून येतो. बारावीच्या मुलांना शिकवताना मला जाणवतं की सूत्र सगळ्यांना पाठ असतं, त्यातला c, म्हणजे तो नेमका क्षण, काढताही येतो, पण तो c कुठून आला असं विचारलं की वर्ग गप्प होतो. म्हणून इथे सूत्र शेवटी ठेवतो आणि सुरुवात आलेखाच्या कागदापासून करतो.

आधी कागदावर: जीवा आणि स्पर्शिका

आलेखाचा कागद, पट्टी, गुण्या आणि टोक केलेली पेन्सिल घ्या. एक्स्प्रेसवेचं उदाहरण चित्रासाठी गैरसोयीचं आहे, कारण त्याचा आलेख जवळजवळ सरळ रेषेसारखा दिसतो आणि डोळ्यांना काही सापडत नाही. त्याऐवजी बडोदा स्टेशनवरून सुटून हळूहळू वेग घेणारी आगगाडी घेऊ. सुटल्यापासून t मिनिटांनी तिने कापलेलं अंतर s(t) = t²/10 कि.मी. आहे असं माना. दहा मिनिटांत ती 10 कि.मी. जाते आणि तोवर तिचा वेग ताशी 120 झालेला असतो. आकडे बेतलेले आहेत, पण अशक्य नाहीत.

आडव्या अक्षावर वेळ घ्या, 1 सें.मी. म्हणजे 1 मिनिट. उभ्या अक्षावर अंतर घ्या, 1 सें.मी. म्हणजे 1 कि.मी. हे बिंदू मांडा: (0, 0), (2, 0.4), (4, 1.6), (5, 2.5), (6, 3.6), (8, 6.4), (10, 10). हात न थांबवता ते एका वळणदार रेषेने जोडा. मुलं इथे पट्टी लावून बिंदू जोडतात; ते टाळा, नाहीतर प्रत्येक बिंदूपाशी कोपरा तयार होईल आणि पुढची सगळी गंमत त्या कोपऱ्यांत अडकेल.

आता पहिला आणि शेवटचा बिंदू पट्टीने जोडा. ही जीवा. तिचा चढ म्हणजे उभं अंतर भागिले आडवं अंतर, 10 कि.मी. भागिले 10 मिनिटं, म्हणजे मिनिटाला 1 कि.मी., ताशी 60. जीवेचा चढ म्हणजेच पूर्ण प्रवासाची सरासरी. मधे वक्र कसाही गेला तरी जीवेला त्याचा पत्ता नसतो. तिला फक्त दोन टोकं ठाऊक असतात, टोलनाक्यासारखी.

आता गुण्याची एक कड जीवेवर नीट बसवा आणि दुसऱ्या कडेला पट्टी घट्ट धरून ठेवा. पट्टी हलू न देता गुण्या तिच्या कडेने खाली सरकवा. जीवेला समांतर रेषा खाली खाली जाईल. सुरुवातीला ती वक्राला दोन ठिकाणी छेदते. जसजशी खाली जाते तसे ते दोन छेदबिंदू जवळ येत जातात, आणि एका जागी एकमेकांत मिसळतात. त्याच्या आणखी खाली नेली तर रेषा वक्राला लागतच नाही. जिथे ती सुटायच्या बेतात असते, तिथे थांबा आणि पेन्सिलने ओढा.

ही ओढलेली रेषा वक्राची स्पर्शिका आहे आणि जीवेला समांतर आहे. नीट काढली असेल तर ती (5, 2.5) ला टेकते, खालच्या अक्षाला 2.5 मिनिटांपाशी छेदते आणि दहाव्या मिनिटाच्या उभ्या रेषेवर 7.5 कि.मी.ला पोचते. हे दोन आकडे जुळले नाहीत, तर गुण्या सरकवताना पट्टी हलली असं समजा.

मध्यमूल्य प्रमेयाचा भौमितिक अर्थ एवढाच: वक्र सलग असेल आणि मधे कुठे कोपरा किंवा उभी स्पर्शिका नसेल, तर टोकं जोडणाऱ्या जीवेला समांतर अशी किमान एक स्पर्शिका टोकांच्या मधे असतेच. अंतर-वेळ आलेखात स्पर्शिकेचा चढ म्हणजे त्या क्षणाचा वेग. म्हणून पाचव्या मिनिटाला आगगाडीचा वेग बरोबर ताशी 60 होता. क्षणाचा वेग ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी 1150 च्या सिद्धांतशिरोमणीत ग्रहांसाठी ‘तात्कालिक गती’ वापरली आहे; दिवसभराची सरासरी गती आणि त्या घटकेची गती यांत फरक करायची गरज त्यांनाही पडली होती.

सूत्रात हेच असं लिहितात. फल f हे a पासून b पर्यंत, दोन्ही टोकं धरून, सलग आहे आणि टोकं सोडून मधे सगळीकडे विकलनीय आहे. तर a आणि b च्या मधे असा एक तरी c असतो की

f'(c) = (f(b) − f(a)) / (b − a)

आगगाडीसाठी s'(t) = t/5. हे 1 च्या बरोबर ठेवलं की c = 5. गुण्याने जे सापडलं तेच आलं.

इथे एक सवय लवकर मोडायला हवी. 0 ते 10 मध्ये c आला 5, अगदी मधोमध. दुसऱ्या घातांकाच्या कुठल्याही फलाला हे घडतंच, आणि सरावाची बरीच उदाहरणं तशीच असल्यामुळे मुलांना वाटतं की c म्हणजे मधला बिंदू. त्याच कागदावर s(t) = t³/100 काढून बघा. टोकं तीच, जीवा तीच, पण 3c²/100 = 1 मधून c येतो 10/√3, म्हणजे सुमारे 5.77 मिनिटं. प्रमेय c आहे असं म्हणतं, कुठे आहे ते सांगत नाही.

c असतोच, हे कशावरून?

गुण्या सरकवणं डोळ्यांना पटतं, पण कागदावर दिसलं म्हणून सगळ्या वक्रांना लागू झालं असं नाही. सिद्धता मात्र त्याच सरकवण्यात दडलेली आहे. ती मला आलेखापेक्षा रस्त्यावर जास्त सोपी वाटते.

तुमच्या गाडीबरोबर त्याच क्षणी त्याच नाक्यावरून दुसरी एक काल्पनिक गाडी सोडा. ती पूर्ण रस्ताभर तुमच्या सरासरी वेगाने, एकाच चालीने चालते; ना कमी ना जास्त. दोघी एकत्र निघाल्या आणि, सरासरी तीच असल्यामुळे, दुसऱ्या नाक्यावर एकत्रच पोचल्या. आता फक्त दोघींमधल्या अंतराकडे बघा. तुम्ही किती पुढे आहात, त्याला g म्हणू. मागे असाल तर g उणे. सुरुवातीला g शून्य आणि शेवटीही शून्य.

मधे दोनच शक्यता. एक, g सतत शून्यच राहिला. मग तुम्ही पूर्ण वेळ सरासरी वेगानेच चाललात आणि प्रत्येक क्षण c आहे. दोन, मधे कधीतरी तुम्ही पुढे तरी गेलात किंवा मागे तरी पडलात. समजा मागे पडलात. शेवटी पुन्हा एकत्र यायचं आहे, तेव्हा मधे असा एक क्षण असतो जेव्हा तुम्ही सगळ्यांत जास्त मागे असता. त्या क्षणाच्या आधी अंतर वाढत आलेलं, त्यानंतर कमी होत जाणारं. त्या क्षणी ते ना वाढतं ना घटतं, म्हणजे दोन्ही गाड्यांचा वेग सारखा. काल्पनिक गाडीचा वेग सरासरीइतका आहे, म्हणून तुमचाही तेवढाच. हाच c. पुढे गेला असाल तर “सगळ्यांत जास्त पुढे” असलेला क्षण घ्या. बाकी सगळं तेच.

कागदावर काल्पनिक गाडी म्हणजे जीवा, आणि g म्हणजे वक्र व जीवा यांच्यातलं उभं अंतर. आगगाडीच्या आलेखात ते पाचव्या मिनिटाला सगळ्यांत जास्त, 2.5 सें.मी. आहे. गुण्या सरकवत आपण तोच बिंदू शोधत होतो.

गणिताच्या भाषेत m ही सरासरी धरून

g(t) = s(t) − s(a) − m(t − a)

g(a) = g(b) = 0. सलग फलाला बंदिस्त अंतरालात कमाल आणि किमान किंमत मिळतेच. सलगपणाची अट इथे कामी येते. आतल्या बिंदूवर ती किंमत मिळाली आणि तिथे फल विकलनीय असलं, तर g'(c) = 0, म्हणजे s'(c) = m. विकलनाची अट इथे लागली. टोकांना विकलन का मागत नाही, तेही यातून कळतं: c आतच सापडतो, टोकांवर काय चाललंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. g(a) = g(b) असलेली ही खास पायरी फ्रेंच गणिती रोलच्या नावाने ओळखली जाते. त्याने 1691 मध्ये ती फक्त बहुपदींसाठी मांडली होती. प्रमेयाला नाव लाग्रांजचं असलं, तरी आजच्या वळणाची मांडणी कोशीची, 1823 मधली.

एक्स्प्रेसवेचं उदाहरण, आकड्यांनिशी

आता 7:10 च्या गाडीकडे येऊ. दोन्ही नाक्यांवर ती थांबते असं धरू. प्रत्यक्षात कोणी नेमकं कसं चालवलं हे आपल्याला माहीत नाही, म्हणून एक साधा नमुना घेऊ: पहिली 2 मिनिटं एकसारखा वेग वाढवत न्यायचा, मग 46 मिनिटं एकाच वेगाने, आणि शेवटच्या 2 मिनिटांत एकसारखा कमी करत थांबायचं.

पहिली पायरी, सरासरी काढायची. 93 ÷ 50 = 1.86 कि.मी. दर मिनिटाला. 60 ने गुणलं की ताशी 111.6. पुढचा हिशेब मिनिटांतच ठेवा. तास आणि मिनिटं मिसळली की उत्तर साठपट चुकतं, आणि पेपरात सगळ्यांत जास्त गुण इथेच जातात.

दुसरी पायरी, मधल्या टप्प्याचा वेग. त्याला V म्हणू. वेग शून्यापासून V पर्यंत एकसारखा वाढतो, तेव्हा त्या 2 मिनिटांत अर्ध्या वेगाइतकं, म्हणजे V × 1 कि.मी. अंतर होतं. शेवटच्या 2 मिनिटांतही तेवढंच. मधे 46V. एकूण 48V = 93, म्हणून V = 1.9375 कि.मी. दर मिनिटाला, ताशी 116.25. पडताळा: 1.9375 + 89.125 + 1.9375 = 93. बरोबर.

तिसरी पायरी, c शोधायचा. मधल्या 46 मिनिटांत वेग सतत 116.25 आहे, तिथे 111.6 सापडणार नाही. तो सुरुवातीच्या दोन मिनिटांत शोधावा लागेल. तिथे t मिनिटांनंतरचा वेग आहे V × t/2. म्हणून

1.9375 × t/2 = 1.86, म्हणजे t = 1.92 मिनिटं.

निघाल्यापासून साधारण 1 मिनिट 55 सेकंदांनी, वेग वाढवताना, काटा 111.6 वरून गेला. शेवटी वेग उतरतानाही तो पुन्हा तिथून जातो, 48.08 मिनिटांनी. c दोन आहेत, आणि दोन्ही नाक्यांच्या अगदी जवळ. पन्नास मिनिटांच्या प्रवासातला बाकी जवळजवळ सगळा वेळ गाडी सरासरीपेक्षा जास्त वेगाने चालली होती.

चौथी पायरी, काल्पनिक गाडीशी ताडून पाहायचं. मला हीच पायरी सगळ्यांत जास्त आवडते. 1.92 मिनिटांनी आपली गाडी किती गेली? सुरुवातीच्या टप्प्यात s(t) = (1.9375/4) × t², म्हणजे सुमारे 1.79 कि.मी. काल्पनिक गाडी तोवर 1.86 × 1.92, म्हणजे सुमारे 3.57 कि.मी. गेलेली असते. आपण 1.79 कि.मी. मागे. प्रवासात यापेक्षा जास्त मागे आपण कधीच नसतो. एक मिनिटानंतरचं अंतर काढून बघा: मागे 1.38. पाच मिनिटांनंतर: 1.55. दोन्ही कमी. त्यानंतर आपण हळूहळू तिला गाठतो. बरोबर पंचविसाव्या मिनिटाला दोघी 46.5 कि.मी.वर एकत्र असतात. मग आपण पुढे निघतो, 48.08 मिनिटांनी 1.79 कि.मी. पुढे असतो आणि शेवटी वेग उतरवताना ती आपल्याला गाठते. सगळ्यांत मागे असलेला क्षण आणि सगळ्यांत पुढे असलेला क्षण, हेच दोन c.

हे दोन c नमुन्यामुळे आले असं मात्र समजू नका. गाडी थांबलेल्या अवस्थेतून निघाली आणि थांबली, एवढं ठाऊक असलं तरी c किमान दोन असतातच. वेग कधीच 111.6 च्या वर गेला नसता, तर काल्पनिक गाडीच्या मागे पडल्यावर ती पुन्हा गाठता आली नसती. म्हणून कधीतरी तो वर गेलाच. आणि शून्यावरून वर जाताना एकदा, परत शून्यावर येताना एकदा, काटा 111.6 वरून गेला.

घड्याळावर किती विसंबायचं?

नोंदीत 7:10 लिहिलंय म्हणजे 7 वाजून 10 मिनिटं 0 सेकंद असेलच असं नाही. 10 मिनिटं 59 सेकंदही असेल. बाहेर पडण्याच्या वेळेचंही तसंच. तेव्हा खरा वेळ 49 ते 51 मिनिटांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. चालकाच्या बाजूने, म्हणजे 51 मिनिटं धरली, तर सरासरी ताशी 109.4 येते. निष्कर्ष टिकतो.

दोन नाक्यांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली नसतील, तर? यासाठी उलटा हिशेब जास्त उपयोगी पडतो. ताशी 100 ने 93 कि.मी.ला 55.8 मिनिटं लागतात. नोंद 50 ची आहे. म्हणजे सगळ्या चुका मिळून 5.8 मिनिटांपेक्षा जास्त झाल्या, तरच “मर्यादा मोडली” हे विधान डळमळेल. नोंद 55 मिनिटांची असती, तर सरासरी 101.5 दिसली असती, पण मिनिटाच्या फरकाने खरा वेळ 56 मिनिटं असू शकला असता आणि सरासरी 99.6 वर उतरली असती. तिथे प्रमेय तुमच्या मदतीला येत नाही. प्रमेय पक्कं आहे. कच्चा असतो तो त्यात भरलेला आकडा. इटलीत महामार्गांवर ‘टुटोर’ ही यंत्रणा 2005 पासून अशीच दोन कमानींमधली सरासरी मोजते. अशा यंत्रणेत दोन्ही ठिकाणची घड्याळं जुळलेली असण्यावर सगळं अवलंबून असतं.

सरासरी मर्यादेखाली आली, मग निर्दोष?

नाही. प्रमेयाचा प्रवास एकाच दिशेने होतो. सरासरी मर्यादेच्या वर असेल, तर मर्यादा मोडली. सरासरी खाली असेल, तर काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी एक गाडी घ्या. 7:10 ला शिरली, 8:25 ला बाहेर. 75 मिनिटांत 93 कि.मी., सरासरी ताशी 74.4. सभ्य माणूस वाटतो. पण याच्या खिशात चाळिसाव्या किलोमीटरवरच्या पेट्रोल पंपाचं बिल निघालं, आणि त्यावर वेळ आहे 7:32. आता प्रमेय पूर्ण प्रवासाला न लावता फक्त पहिल्या तुकड्याला लावा. 22 मिनिटांत 40 कि.मी., सरासरी ताशी 109.1. मिनिटाचा फरक चालकाच्या बाजूने धरून 23 घेतली तरी 104.3. पंपावर निवांत चहा पिऊन त्याने सरासरी खाली आणली, पण पहिल्या तुकड्यात काटा शंभरच्या वर होताच.

आलेखावर हे लगेच दिसतं. चहाच्या वेळी रेषा आडवी झोपलेली असते. टोकापासून टोकापर्यंतची जीवा त्यामुळे कमी चढाची होते, पण सुरुवातीपासून पंपापर्यंतची जीवा जास्त चढाची असते, आणि तिला समांतर स्पर्शिका त्या तुकड्यातच असणार. अंतराल कुठला घ्यायचा हे आपल्या हातात असतं. मधे जितक्या वेळा ठाऊक, तितके तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याचा आपापला c.

40 आणि 60 ची शंका

दरवर्षी कोणीतरी ही शंका काढतं, आणि ती चांगली शंका आहे. “सर, एक तास 40 ने गेलो, एक तास 60 ने गेलो. सरासरी 50. पण मी 50 ने कधी गेलोच नाही!”

या प्रवासाचा आलेख काढा. पहिल्या तासात 40 चढाची सरळ रेषा, दुसऱ्यात 60 चढाची. दोन्ही जिथे मिळतात तिथे कोपरा आहे. कोपऱ्यावर स्पर्शिका नाही, म्हणजे विकलनाची अट मोडली, आणि प्रमेयाने अशा फलाला काही वचन दिलेलंच नव्हतं. गुण्या सरकवलात तर रेषा वक्राला नेमकी त्या कोपऱ्यावर टेकून सुटते, पण तिथे तिला स्पर्शिका म्हणता येत नाही.

खरी गाडी मात्र 40 वरून 60 वर उडी मारू शकत नाही. तिला वस्तुमान आहे. वेग बदलायला थोडा का होईना वेळ लागतो, आणि त्या चार-पाच सेकंदांत काटा 50 वरून जातो. तेव्हा तक्रार प्रवासाबद्दल नाही, प्रवासाच्या ढोबळ वर्णनाबद्दल आहे. वरच्या आपल्या नमुन्यात वेगाच्या आलेखाला कोपरे होते, दुसऱ्या आणि अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला. ते चालतात. अट अंतराच्या आलेखावर आहे. वेगाने अचानक उडी मारू नये एवढंच पुरे.

फोनमधल्या नोंदीवरून हे करून बघणाऱ्यांनी आणखी एक जपा. सिग्नल मधे गेला आणि नंतर ठिपका अर्धा किलोमीटर पुढे उगवला, तर आलेख तिथे तुटलेला दिसतो. सलगपणाच गेला. तो तुकडा वगळा किंवा त्याची दोन टोकं जोडून घ्या. त्या तुटीच्या जागी निघालेला प्रचंड वेग खरा मानू नका.

सूरसागरची फेरी: प्रमेय जिथे लागत नाही

आता या सगळ्याची खरी हद्द. बडोद्यातल्या सूरसागर तलावाच्या काठाने एक पूर्ण फेरी मारा, वाटेत अजिबात न थांबता, आणि निघालात त्याच जागी परत या. सुरुवातीची जागा आणि शेवटची जागा एकच. विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेग शून्य. मध्यमूल्य प्रमेय म्हणतं, वाटेत एका क्षणी वेग सरासरीइतका, म्हणजे शून्य असला पाहिजे. पण तुम्ही तर एकदाही थांबला नाहीत!

अटी मोडल्या का? नाही. फेरी सलग आहे, चालणं गुळगुळीत आहे. मोडलं ते वेगळंच. प्रमेय एका आकड्याच्या फलासाठी आहे, आणि तलावाभोवतीची जागा सांगायला दोन आकडे लागतात: किती पूर्वेला आणि किती उत्तरेला. दोन आकड्यांची जोडी घेतली की “सगळ्यांत मागे” असा एक क्षण ठरवता येत नाही, आणि सिद्धता तिथेच बसते.

म्हणूनच टोलच्या हिशेबात नकाशावरची जागा घ्यायची नाही, रस्त्यावरून मोजलेलं अंतर घ्यायचं. ओडोमीटर एकच आकडा दाखवतो आणि रस्ता कितीही वळला तरी चालतं. सूरसागरच्या फेरीतही पावलांनी मोजलेलं अंतर घेतलंत, तर प्रमेय पुन्हा लागू होतं: सरासरी चाल ताशी 4 कि.मी. असेल, तर कधीतरी तुम्ही नेमक्या ताशी 4 ने चालत होतात.

जागेच्या दोन आकड्यांना प्रमेय वेगवेगळं लावायलाही कोणाची हरकत नाही. पश्चिम काठावरून निघालात असं समजा. पूर्वेकडचं अंतर शून्यापासून वाढतं आणि परत शून्यावर येतं, तेव्हा त्याचा वेग एका क्षणी शून्य होतो. तेव्हा तुम्ही तलावाच्या पूर्व टोकाला असता आणि सरळ उत्तर-दक्षिण चालत असता. उत्तरेकडच्या अंतराचा वेगही शून्य होतो, पण तो उत्तर किंवा दक्षिण टोकाला, पूर्व-पश्चिम चालताना. दोन्ही आकड्यांना आपापला c मिळतो. दोघांना मिळून एक c मात्र या फेरीत कुठेच नाही.